दोन खण जास्त

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात कधीच कानावर पडली नाही असा शहरी माणूस आज शोधूनच काढावा लागेल. तीन आखूड ठोके आणि एक लांब. दुसऱ्या महायुद्धात बी. बी. सी.ने हेच ठोके विजयाची खूण म्हणून जगभर वाजवले, कारण तारेच्या भाषेत तीन टिंबे आणि एक रेघ म्हणजे इंग्रजीतले ‘व्ही’ हे अक्षर. मलाही या सिंफनीची ओळख एवढीच होती. मी मराठीचा अध्यापक. माझी उठबस ओवी-अभंगांत. विलायती संगीताच्या वाटेला मी गेलो नसतो. पण आमच्या कन्येने ते घरात आणले आणि एके रविवारी मला एका कोड्यात टाकले.

तिच्याकडे या सिंफनीची दोन ध्वनिमुद्रणे होती. वाद्यवृंद निराळे, संचालक निराळे. सिंफनीचे चार भाग असतात. त्यातला तिसरा भाग मोठा गूढ आहे. खर्जातली तंतुवाद्ये दबक्या पावलांनी वर चढतात, मग शिंगे एकदम ललकारी देतात. मध्यंतरी जाड आवाजाची तीच तंतुवाद्ये धावाधाव करतात. या मधल्या तुकड्याला ‘ट्रायो’ म्हणतात. त्यानंतर पहिले दबके सूर परत येतात, पण आता तारा गजाने न वाजवता बोटांनी छेडलेल्या, जणू कुणी चवड्यांवर चालत आहे. मग नगाऱ्याचे हलके ठोके पडू लागतात आणि न थांबता चौथ्या भागाचा जयघोष सुरू होतो. पहिल्या ध्वनिमुद्रणात हे सारे याच क्रमाने झाले. दुसऱ्यात मात्र ट्रायो संपला आणि चवड्यांवरचे चालणे सुरू होण्याऐवजी तिसरा भाग पुन्हा पहिल्यापासून वाजू लागला! शिंगांची तीच ललकारी, बासांची तीच धावाधाव; मग कुठे ते कुजबुजणे आले. अडीच-तीन मिनिटांचा फरक पडला.

मला वाटले तबकडी अडकली असेल. कन्या म्हणाली, “बाबा, ती अडकली तर एक तुकडा वाजवत बसेल, अख्खा भाग कशी वाजवेल?” बरोबर होते. मग खरे कोणते? लिहिणारा एक, कृती एक, आणि वाजवणारे दोन तऱ्हांनी वाजवतात. आमच्याकडे ख्याल गाणाऱ्याने तेच गायले तर नवल, पण तिकडे तर म्हणे कागदावर लिहिलेला स्वर न् स्वर पाळतात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वयस्क गोवेकर गृहस्थ राहतात. चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन शिकले आणि पुढे मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदांत आयुष्य काढले. सारी इमारत त्यांना मास्तर म्हणते. आम्ही बापलेक त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटातून त्या सिंफनीच्या दोन छापील प्रती काढल्या. एक जुनी, कडा कुरतडलेली, दुसरी अलीकडची.

“प्रोफेसर, हे तुमच्याच धंद्यातलं काम,” ते म्हणाले. “पाठभेद आहे तो.”

पाठभेद हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी चकित झालो. (मागाहून कळले की तो त्यांनी माझ्याच एका व्याख्यानात ऐकून ठेवला होता.) त्या दिवसापासून मी या विषयात जो शिरलो, तो अजून बाहेर आलो नाही.

युरोपातले संगीत पाच आडव्या ओळींवर लिहितात आणि उभ्या रेघा मारून त्याचे सारख्या कालाचे खण पाडतात. त्यांना ते ‘बार’ म्हणतात. मी आपला खणच म्हणतो. खण मोजता येतात, म्हणून एखाद्या प्रतीत एक खण जास्त किंवा कमी असला तर तो लपत नाही. आता पाचवी सिंफनी कागदावर कशी उतरली ते पाहा. बीथोव्हनने आधी टाचणवह्यांत तुकडे लिहिले. मग सगळी वाद्ये एकाखाली एक मांडून पूर्ण स्वरलिपी लिहिली. ते स्वहस्तलिखित आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. त्याचे अक्षर म्हणजे वादळात सापडलेले शेत. खोडाखोड, बाणाच्या खुणा, समासात भर. ते नकलनवीसच वाचू शकत. नकलनवीसांनी त्यावरून स्वच्छ प्रती केल्या, वादकांसाठी सुटे कागद केले, आणि त्यांवरून 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. 1809 च्या एप्रिलात लाइपझिगच्या ब्राइटकॉफ आणि हेर्टेल या प्रकाशकांनी ती छापली, पण वादकांच्या सुट्या प्रतींच्या रूपातच. पूर्ण स्वरलिपी त्यांनी छापली ती 1826 साली.

म्हणजे एका कृतीच्या चार-पाच प्रती झाल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. संपादकाने काय करावे? सामान्य माणूस चटकन म्हणेल, “त्यात काय विचारायचे, बीथोव्हनच्या हातचे जे असेल ते खरे!” मीही तेच म्हणालो होतो. मास्तरांनी मान हलवली आणि सिंफनीचे पहिलेच पान उघडले. तीन आखूड ठोके आणि एक लांब. मग पुन्हा तीन आखूड आणि एक लांब. पहिला लांब स्वर एका खणाचा आहे. दुसरा दोन खणांचा, पहिल्यापेक्षा अधिक रेंगाळणारा. हा जादा खण बीथोव्हनला आधी सुचलेला नव्हता. तो त्याने मागाहून घातला. पहिल्या लिखाणालाच प्रमाण मानणारा संपादक हा खण गमावून बसेल, आणि आज जगात कुणी ही सुरुवात त्या खणावाचून वाजवत नाही.

तेव्हा स्वहस्तलिखित ही पहिली साक्ष खरी, पण शेवटची नव्हे. ग्रंथकार जिवंत असतो तोवर तो प्रयोग ऐकतो, मुद्रिते तपासतो, पत्रे लिहितो, मन बदलतो. छापील प्रतीत हस्तलिखिताहून निराळे काही आढळले तर संपादकाला प्रत्येक वेळी एकच प्रश्न सोडवावा लागतो: ही ग्रंथकाराने केलेली दुरुस्ती, की कोरणाऱ्या कारागिराने केलेली चूक? त्या काळी संगीत धातूच्या पत्र्यावर उलटे कोरून छापत. दिवसभर उलटे कोरणाऱ्याच्या हातून एक ठिपका एक ओळ खाली जाणे काही कठीण नाही.

आता आपल्या तिसऱ्या भागाकडे या. 1809 च्या छापील प्रतींत ट्रायो संपून ते कुजबुजते सूर परत येतात, नेमक्या त्या सांध्यावर दोन खण जास्त आहेत. मूळ चाल सुरू होते न होते तोच तिची पहिली पावले पुन्हा ऐकू येतात. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवून माणसाने तो मागे घ्यावा आणि पुन्हा ठेवावा तसे. 21 ऑगस्ट 1810 रोजी बीथोव्हनने प्रकाशकांना एक लांबलचक पत्र लिहिले. पत्रात पैशाअडक्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांतच त्याने हे दोन खण दाखवून, ते जास्तीचे आहेत, सर्व प्रतींतून काढून टाका, असे स्पष्ट सांगितले.

प्रकाशकांनी काय केले? काही नाही. पत्र दप्तरात गेले. 1826 साली पूर्ण स्वरलिपी छापली तीतही ते दोन खण जसेच्या तसे होते. पुढल्या मार्चात बीथोव्हन वारला. वादक ते दोन खण वाजवत राहिले आणि रसिक ते ऐकत राहिले. शेवटी 1846 साली मेंडेलसन या थोर संगीतकाराने या जागेचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या प्रकाशकांनी आपल्याच संगीतविषयक नियतकालिकात ते पत्र प्रसिद्ध केले. छत्तीस वर्षे पत्र त्यांच्याच घरात होते! छपाईतल्या चुकांवरून बीथोव्हन या मंडळींवर किती संतापत असे ते त्याच्या इतर पत्रांत वाचावे. तुम्ही स्वतःच एक मोठी चूक आहात, अशा अर्थाचे त्याने त्यांना एकदा लिहिले होते. मला तो तेव्हा फारसा चुकला असे वाटत नाही.

दोन खण गेले. पण ते आले कुठून? चुकून एखादा स्वर खालीवर होईल, दोन अख्खे खण कोण घुसडेल? येथे स्वहस्तलिखित पुन्हा उघडावे लागते. त्या सांध्यावर तेथे आकडे आहेत, 1 आणि 2, आणि इटालियन भाषेत एक शेरा आहे. त्याचा अर्थ, ट्रायोसह पुन्हा वाजवावे आणि मग पुढे जावे. याचा उलगडा असा. बीथोव्हनच्या मनात एका वेळी असे होते की पहिला तुकडा आणि ट्रायो दोन्ही पुन्हा वाजावेत आणि नंतरच ते कुजबुजणे यावे. अशा पुनरावृत्तीसाठी दोन शेवट लिहावे लागतात. पहिल्या खेपेस दोन खणांचा एक शेवट, जो मागे आरंभाकडे नेतो. दुसऱ्या खेपेस दोन खणांचा दुसरा, जो पुढे नेतो. सरकारी अर्जात ‘श्री./श्रीमती, नको असेल ते खोडावे’ असे छापलेले असते ना? पुढे पुनरावृत्तीची खूण प्रतीतून गेली, पण ‘नको असेल ते’ कुणी खोडले नाही. दोन्ही शेवट एकापुढे एक छापले गेले. श्री. श्रीमती अमुक अमुक!

हा उलगडा पटला की चुकीचे मूळही सापडते आणि पत्रही खरे ठरते. चुकीचा जन्म कसा झाला हे सांगता आले, तरच तिला चूक म्हणण्याचा संपादकाला अधिकार पोचतो. नुसते “हे कानाला बरे लागत नाही” म्हणून खण कापणारा माणूस संपादक नव्हे, शिंपी.

पण आता खरा पेच उभा राहतो, आणि माझ्या कन्येचे कोडे येथेच आहे. दोन खण ज्या पुनरावृत्तीचे उरलेले शेपूट आहेत, ती पुनरावृत्ती गेली कशी? ती बीथोव्हनने स्वतः काढली, की तीही त्या खणांसारखीच नकलनवीस आणि छापखाना यांच्या मधल्या वाटेत पडली?

पुनरावृत्ती हवी म्हणणाऱ्यांचा पुरावा हलका नाही. हस्तलिखितात शेरा आहे. शिवाय बीथोव्हनची त्या काळातली सवय पाहा. चौथ्या सिंफनीत, सहाव्या सिंफनीत, सातव्या सिंफनीत तिसऱ्या भागाची अशीच पाच तुकड्यांची मांडणी आहे, ट्रायो दोनदा येतो. मग पाचवीच एकटी वेगळी का? आणि सारे दणक्यात दोनदा वाजल्यावर ते तिसऱ्यांदा कुजबुजत आले, तर अंगावर काटा अधिक येतो. पेटर ग्युल्के या जर्मन संपादकाने 1977 साली लाइपझिगच्या पेटर्स प्रकाशनासाठी केलेल्या आवृत्तीत ही पुनरावृत्ती परत बसवली.

विरुद्ध पक्षाचा साक्षीदार एकच, पण तो खुद्द बीथोव्हन. 1810 च्या पत्रात तो ही जागा बोट ठेवून दाखवतो आहे आणि दोन खण काढा म्हणतो आहे. पुनरावृत्ती हवी असती तर त्याने लिहिले असते की बाबांनो, हे दोन खण योग्यच आहेत, तुम्ही पुनरावृत्तीची खूण विसरलात! त्याने तसे लिहिले नाही. याचा अर्थ 1810 च्या ऑगस्टात तरी त्याच्या मनातली सिंफनी पुनरावृत्तीवाचूनच होती. जोनाथन डेल मार या इंग्रज संपादकाची आवृत्ती 1999 साली बेरेनरायटर प्रकाशनाने काढली, तीत पुनरावृत्ती नाही.

बीथोव्हनने मन का बदलले असेल? येथे पुरावा संपतो आणि तर्क सुरू होतो. पहिल्या प्रयोगाची ती रात्र आठवावी. डिसेंबरातली थंडी, न तापवलेले नाट्यगृह, सुमारे चार तासांचा कार्यक्रम, अपुऱ्या तालमी. पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी त्याच रात्री प्रथम वाजल्या, पियानोचा चौथा कॉन्चेर्टोही त्याच रात्री, आणि शेवटी वृंदगायनासह एक फॅंटसी. त्या फॅंटसीत वाद्यवृंदाचा मेळ इतका फिसकटला की बीथोव्हनने ती थांबवून पुन्हा सुरू केली. एका साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे घोटाळ्याचे कारण पुनरावृत्तीच होते: एक तुकडा पुन्हा वाजवायचा नाही असे आधी ठरले होते आणि ऐन वेळी बीथोव्हनच ते विसरला. अशा रात्रीनंतर माणसाला पुनरावृत्ती नकोशा झाल्या असतील असे मला आपले वाटते. पण हे माझे वाटणे आहे. ते टीपेतही घालण्याच्या योग्यतेचे नाही, म्हणून येथे लिहितो.

मास्तरांना मी विचारले, तुम्ही कोणत्या बाजूचे?

“वाजवणारा माणूस मी. समोर असेल तसं वाजवणार,” ते म्हणाले. “पण कागद देताना खाली लिहा की इथं भांडण आहे. आमच्या जुन्या प्रतीत काही लिहिलेलं नसायचं. छापलंय म्हणजे देवानंच सांगितलंय असं वाटायचं.”

त्यांची जुनी प्रत ज्या परंपरेतली होती ती मी नीट पाहिली. एकोणिसाव्या शतकात नामांकित पियानोवादक जुन्या संगीतकारांच्या आवृत्त्या काढीत आणि त्यांत आपल्या पसंतीच्या खुणा घालीत. येथे हळू, येथे जोरात, येथे अमुक बोट. मूळ खूण कोणती आणि भर कोणती हे कळायला मार्ग नसे. या गर्दीला कंटाळून त्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या कला-अकादमीने भर न घातलेल्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली आणि त्यांना ‘उर्टेक्स्ट’ म्हटले. जर्मनीत ‘उर’ म्हणजे आद्य, मूळचा. 1948 साली म्यूनिकमध्ये निघालेल्या हेन्ले प्रकाशनाने तर निळ्या वेष्टणावर हा शब्द इतका छापला की विद्यार्थ्यांना आता तो मालाच्या खात्रीचा शिक्का वाटतो. पण मूळ पाठ असा कुठे पेटीत बंद ठेवलेला नसतो. उर्टेक्स्ट म्हणजे हस्तलिखिताचे छायाचित्र नव्हे. एका संपादकाने साक्षी तपासून दिलेला निकाल. ग्युल्के आणि डेल मार या दोघांनी तीच कागदपत्रे वाचली आणि दोन निकाल दिले. फरक इतकाच की चांगल्या आवृत्तीत निकालामागची कारणे शेवटी छापलेली असतात. कोणत्या खणात कोणत्या प्रतीत काय आहे आणि मी कोणते का घेतले. लोक ती पाने उघडत नाहीत. मी मात्र आता तीच आधी उघडतो, रहस्यकथेची शेवटची पाने आधी वाचणाऱ्या उतावळ्यासारखा.

ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 साली पुरे झाले. तिचे पहिले थोर संपादक विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला शिकून आले होते आणि प्रती ताडून पाहण्याची तीच जर्मन शिस्त त्यांनी महाभारताला लावली. दोन प्रतींत तीच विचित्र चूक सापडली तर त्या एकाच आईच्या लेकी, असे धरून प्रतींचे वंशवृक्ष मांडायचे, ही त्या शिस्तीतली मूळ गोष्ट. पण एक भेद मोठा आहे. व्यासांनी छापखान्याला पत्र लिहिले नाही. महाभारताचा संपादक हाती असलेल्या प्रतींवरून मागे मागे जात, जास्तीत जास्त जुना पाठ शोधतो. बीथोव्हनचा संपादक उलट पुढे पुढे येतो. त्याला सर्वांत जुना पाठ नको, ग्रंथकाराने शेवटी मान्य केलेला पाठ हवा. म्हणून सुरुवातीचा मागाहून घातलेला खण तो ठेवतो, तिसऱ्या भागातले दोन खण काढतो, आणि पुनरावृत्तीपाशी येऊन अडतो. कारण ती जुनी आहे हे सिद्ध होते, शेवटची आहे की नाही हे होत नाही.

हे सारे माझ्या इतके जिव्हारी का लागले, तेही सांगून टाकतो. एम. ए. झाल्यावर चार-दोन वर्षांतच मी ओव्यांचे एक लहानसे बाड संपादून छापले होते. हाती एकच प्रत होती. एका ओवीत ‘वोळगे’ असा शब्द होता. मी लेखनिकाची चूक समजून त्याचे ‘ओळखे’ केले आणि तळटीपही दिली नाही. वोळगणे म्हणजे सेवा करणे, हे ज्ञानेश्वरी शिकताना माझ्या कानावरून शंभरदा गेले होते. पण त्या रात्री ‘ओळखे’ इतके गोड बसले की मागे वळून पाहावेसे वाटले नाही. शिष्य गुरूला ओळखतो, वा! पुढे सात-आठ वर्षांनी एका विद्यार्थिनीला त्याच बाडाची दुसरी प्रत मिळाली. तीत स्वच्छ ‘वोळगे’ होते. तोवर माझ्या ‘ओळखे’वर दोघांनी रसग्रहणे लिहिली होती आणि एकाने तर त्या शब्दात अद्वैत पाहिले होते. छत्तीस वर्षे ते दोन खण ऐकणाऱ्यांतही कुणाला त्यांत काही गूढ अडखळणे भासले नसेल असे मी छातीला हात लावून म्हणू शकत नाही.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. माझ्या प्रतीत मी समासात ‘वोळगे’ लिहिले आहे आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या तिन्ही प्रतींत ग्रंथपालांच्या देखत, त्यांची परवानगी घेऊन, पेन्सिलीने तेच केले आहे. विकल्या गेलेल्या बाकीच्या प्रतींचे काय करावे ते मला कळत नाही.

कन्येने आता दोन्ही ध्वनिमुद्रणांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. एकावर ‘ग्युल्के’ आणि दुसऱ्यावर ‘डेल मार’. संचालकांची नावे तिच्या लेखी गेलीच! परवा मास्तर वर चहाला आले होते. तिने विचारले, “मास्तरकाका, कोणती लावू?” त्यांनी क्षणभर विचार केला.

“लांबडी लाव,” ते म्हणाले. “चहा अजून व्हायचाय.”